९ जणांची टीम, सरासरी पगार ४५ हजार, आणि ८ जण त्याच्या खाली! सरासरी की मिडियन, कधी काय काढायचं

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या सीएनसी वर्कशॉपचे पगार मी बघते. महिन्यातनं दोन-तीन दिवस जायचं, हजेरी बघायची, पगारपत्रक करायचं, बँकेची फाइल पाठवायची, एवढंच काम. नाव घेत नाही, आणि आकडेही हिशोबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत. तर दिवाळीच्या आधी मालकांनी सगळ्यांना बोलावलं, बोनसचं सांगितलं आणि बोलता बोलता म्हणाले, "आपल्याकडे सरासरी पगार पंचेचाळीस हजार आहे, शेजारच्या गाळ्यांत विचारून बघा." कोणी काही बोललं नाही. नंतर चहाच्या वेळी एक जुने ऑपरेटर माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तो पंचेचाळीस हजारवाला कोण आहे ते तरी दाखवा, मी आठ वर्षं झाली, चोवीसवर आहे."

मालक खोटं बोलत नव्हते. आकडा मीच काढून दिला होता आणि बेरीज-भागाकार अगदी बरोबर होता. चूक एवढीच की त्यांनी विचारलं "आपल्याकडे साधारण पगार किती पडतो" आणि मी न विचार करता AVERAGE लावून मोकळी झाले. तेव्हापासून हे काम मी कसं करते ते सगळं इथे लिहितेय, म्हणजे छोट्या टीमचा हिशोब ज्यांच्याकडे आहे त्यांना सरळ वापरता येईल.

आधी यादी, मग गणित

निम्म्या चुका सूत्र लावायच्या आधीच झालेल्या असतात. पहिलं ठरवायचं की टीममध्ये कोण मोजायचं. आमच्याकडे पगारपत्रकावर ९ जण. सकाळी दोन तास झाडलोट करायला येणाऱ्या मावशींना महिन्याला ५,००० देतात, ते वेगळ्या व्हाउचरवर. मी स्वतः बिल देऊन फी घेते, म्हणजे मी पगारदार नाही. मालकांची प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि ते डायरेक्टर म्हणून दरमहा पगार घेत असतील तर तो पगार यादीत येऊ शकतो, पण भागीदारी फर्म असेल तर भागीदार घेतो तो मेहनताना इन्कम टॅक्सच्या हिशोबात पगार धरत नाहीत, धंद्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळे तो या यादीत टाकू नये. आमचे मालक पगार घेत नाहीत, नफ्यातनं काढतात, सो ते यादीत नाहीत.

मावशींना घेतलं तर १० जण होतात, सरासरी ४५,००० वरनं ४१,००० वर येते आणि मिडियन, म्हणजे रांगेतला मधला पगार, २४,००० वरनं २३,००० वर. दोन तासांच्या कामाचे ५,००० आणि आठ तासांच्या कामाचे १६,००० एका रांगेत ठेवणं मला पटत नाही म्हणून मी त्यांना बाहेर ठेवते, पण खाली एक ओळ लिहून ठेवते की पार्टटाइम धरलेले नाहीत. कोणाला धरलं आणि कोणाला नाही हे लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाही, आणि मग नवा आकडा जुन्याशी जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसायचं.

दुसरं म्हणजे पगार म्हणजे नेमका कुठला पगार. हातात येणारा, ग्रॉस, की सीटीसी? कुठलाही चालेल पण सगळ्यांचा एकच. ऑपरेटर लोक बोलताना इन-हँड सांगतात, मोठ्या कंपनीतनं आलेला माणूस सीटीसी सांगतो आणि तेही वर्षाचं, त्यामुळे तोंडी विचारून यादी कधीच करू नका. मी महिन्याचा ठरलेला ग्रॉस घेते, ओव्हरटाइम सोडून, बोनस सोडून. कोणी महिन्याच्या मध्यात जॉइन झालं असेल तर त्या महिन्यात त्याला मिळालेले अर्धे पैसे टाकायचे नाहीत, पूर्ण महिन्याचा ठरलेला पगार टाकायचा. बिनपगारी रजेचंही तसंच. आणि दिवाळीचा महिना तर यासाठी घेऊच नये, बोनस मिसळून सगळं फुगलेलं असतं.

तर आमची यादी अशी, कमीपासून जास्तीकडे:

```
हेल्पर            16000
पॅकिंग            17000
नवा ऑपरेटर        20000
ऑफिस             22000
जुने ऑपरेटर        24000
ऑपरेटर (व्हीएमसी)  26000
क्वालिटी           28000
सुपरवायझर         37000
टेक्निकल हेड      215000
```

टेक्निकल हेड म्हणजे एका मोठ्या कंपनीतनं आणलेला माणूस. फिक्स्चर डिझाइन, प्रोग्रामिंग, कस्टमरकडे जाऊन ड्रॉइंगवर भांडणं, सगळं तोच करतो. त्याच्यामुळे ऑर्डर येतात हे बाकीचे आठही जण मान्य करतात, त्यामुळे तो जास्त घेतो हा इथे वादाचा मुद्दाच नाही. मुद्दा एवढाच की त्याचा आकडा बाकीच्यांच्या आकड्यांचं काय करतो.

हाताने काढून बघा एकदा

सरासरी: सगळ्यांची बेरीज ४,०५,०००, भागिले ९, आले ४५,०००. मिडियन, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला मध्यक म्हणायचे तो: चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत बरोबर मधला माणूस. ९ जण आहेत म्हणजे पाचवा. वर चार, खाली चार. आमचे जुने ऑपरेटर, २४,०००. तेच, जे माझ्या टेबलापाशी आले होते!

आता टेक्निकल हेडला बोटाने झाका. उरलेल्या आठ जणांची बेरीज १,९०,०००, सरासरी २३,७५०. मिडियनसाठी आता मधे एक माणूस नाही, दोन आहेत, २२,००० आणि २४,०००, तर त्यांची सरासरी २३,०००. एका माणसाने सरासरी २१,२५० ने हलवली आणि मिडियन फक्त १,००० ने. कारण सरासरीला प्रत्येकाचा आकडा किती मोठा आहे हे कळतं, मिडियनला फक्त रांगेत कोण कुठे उभं आहे हे कळतं. टेक्निकल हेडला उद्या २,१५,००० च्या जागी पाच लाख केले तरी तो रांगेत शेवटचाच, मिडियन २४,००० च राहणार.

ही मिडियनची ताकद आहे तशीच गोची पण आहे. एकदा मी टेक्निकल हेडचा वर्षाचा आकडा, २५,८०,०००, चुकून महिन्याच्या कॉलममध्ये टाकला. सरासरी तीन लाखांच्या वर गेली म्हणून लगेच लक्षात आलं. नुसता मिडियन बघितला असता तर तो २४,००० च दिसला असता आणि चूक तशीच पुढे गेली असती. म्हणून कुठलाही एकच आकडा हवा असेल तरी काढायचे दोन्ही, निदान स्वतःपुरते.

शीटमध्ये काय टाकायचं

पगार C2 ते C10 मध्ये आहेत असं धरा. चार ओळी पुरतात:

```
=COUNT(C2:C10)
=AVERAGE(C2:C10)
=MEDIAN(C2:C10)
=COUNTIF(C2:C10,"<"&AVERAGE(C2:C10))
```

पहिली ओळ लोक टाकत नाहीत आणि तिथेच फसतात. कोणीतरी पगार `215000/-` असा लिहितो, आपल्याकडे चेक लिहायची सवय असते ना, आणि त्या `/-` मुळे तो सेल आकडा न राहता मजकूर होतो. AVERAGE आणि MEDIAN दोघंही त्याला गुपचूप सोडून देतात, एरर वगैरे काही येत नाही. मग सरासरी येते २३,७५० आणि मिडियन २३,०००, दोन्ही अगदी शहाणे दिसणारे आकडे, आणि आपण म्हणतो वा, सरासरी आणि मिडियन जवळजवळ आहेत म्हणजे पगारात फार तफावत नाही! COUNT ने ९ च्या जागी ८ दाखवलं की चोरी पकडली जाते. आणखी एक खूण, शीटमध्ये काही अलाइनमेंट केलेली नसेल तर आकडे सेलमध्ये उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे.

उलटी चूक म्हणजे शून्य. जागा रिकामी आहे म्हणून सेलमध्ये 0 टाकला तर तो एक माणूस म्हणून मोजला जातो आणि दोन्ही आकडे खाली ओढतो. सेल रिकामा ठेवला तर मोजला जात नाही. म्हणजे रिकामी जागा असेल तर सेलही रिकामाच ठेवायचा.

शेवटच्या ओळीचं उत्तर आमच्याकडे ८ येतं. म्हणजे ९ पैकी ८ जण सरासरीच्या खाली. एकट्या या ओळीने मला त्या दिवशी वाचवलं असतं. मोठ्या ऑफिसातही सरासरीच्या खाली निम्म्याहून जास्त लोक असू शकतात, त्यात विशेष काही नाही, पण सगळेच्या सगळे खाली आणि एकटा वर असं चित्र असेल तर त्या सरासरीला कोणाचाच चेहरा नाही.

काहीजण TRIMMEAN वापरा म्हणतात, म्हणजे वरची-खालची टोकं कापून उरलेल्यांची सरासरी. ऐकायला छान आहे पण छोट्या टीममध्ये एक खड्डा आहे. एक्सेलमध्ये `=TRIMMEAN(C2:C10,0.2)` लावलं तर ९ चे २० टक्के म्हणजे १.८, आणि दोन्ही टोकांनी सारखेच कापायचे असतात म्हणून तो १.८ ला खालच्या सम संख्येवर आणतो, म्हणजे शून्य. काहीच कापत नाही, उत्तर परत ४५,०००! 0.25 दिलं की एक वरचा आणि एक खालचा कापला जातो आणि साधारण २४,८५७ येतात. वीस आणि पंचवीसमध्ये वीस हजारांचा फरक पडतो आणि का ते समोरच्याला समजावता येत नाही, म्हणून मी ते वापरणंच सोडलं.

मग सरासरी टाकाऊ आहे का? नाही हो

मला मीटिंगनंतर आधी असंच वाटलं होतं की आता सगळीकडे मिडियनच. मग पुढच्याच आठवड्यात मालकांनी विचारलं की महिन्याला पगारासाठी खात्यात किती ठेवायचे. मिडियन गुणिले माणसं केलं तर २४,००० × ९ = २,१६,०००. प्रत्यक्ष पगार ४,०५,०००. १,८९,००० कमी पडले असते आणि ७ तारखेला लोक माझ्या नावाने बोटं मोडत बसले असते.

जिथे एकूण पैशाचा प्रश्न आहे तिथे सरासरीच कामाची, कारण तिला माणसांच्या संख्येने गुणलं की परत बेरीज मिळते. मिडियनला ते जमत नाही. पगाराचा बोजा, एका माणसामागे खर्च, जॉबचा रेट काढताना तासाला लेबर किती धरायचं, सगळीकडे सरासरी किंवा सरळ बेरीज. जिथे प्रश्न "इथल्या साधारण माणसाला किती मिळतं" असा आहे तिथे मिडियन. मालकांनी विचारलेला प्रश्न दुसऱ्या जातीचा होता आणि मी उत्तर पहिल्या जातीचं दिलं.

आणि एक तिसरी जात आहे जिथे दोन्ही निरुपयोगी. नवा ऑपरेटर घ्यायचाय, त्याला किती द्यायचे? सरासरी ४५ नाही आणि मिडियन २४ पण नाही, कारण मिडियनमध्ये पॅकिंग आणि ऑफिस पण मिसळलेत. तिथे आमच्या तीन ऑपरेटरचे पगार बघायचे, २०, २४, २६, आणि अनुभवाप्रमाणे त्या पट्ट्यात कुठे बसतो ते ठरवायचं. जाहिरातीतही तेच लिहायचं. "सरासरी पगार ४५ हजार" लिहिलं तर ४० ची अपेक्षा घेऊन माणूस येतो, २० ऐकतो आणि आपला अर्धा दिवस खाऊन जातो.

टॉपच्या माणसाची बाकीच्यांशी तुलना करायची असेल तर मात्र सरासरी अगदीच फसवी, कारण तिच्यात तो स्वतःच बसलेला असतो. २,१५,००० हा ४५,००० च्या ४.८ पट दिसतो. मिडियनच्या मात्र तो जवळजवळ ९ पट आहे. स्वतःच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पण पाय ठेवल्यासारखं. बहुतेक म्हणूनच शेअर बाजारात लिस्टेड कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७(१२) खाली प्रत्येक डायरेक्टरचा मेहनताना कर्मचाऱ्यांच्या मिडियनच्या किती पट आहे ते जाहीर करावं लागतं. २०१४ च्या नियमांत तर मिडियन कसा काढायचा ते पण लिहून ठेवलंय, सम संख्या असेल तर मधल्या दोघांची सरासरी घ्या इथपर्यंत. आमच्या गाळ्याला हे लागू नाही, पण कुठल्याही लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून हा रेशो बघा, वाचायला मजा येते.

पगारवाढीचा आकडा: इथे सगळ्यात जास्त गोंधळ

समजा या वर्षी फक्त टेक्निकल हेडला २० टक्के वाढ दिली, ४३,०००, बाकी कोणालाच नाही. एकूण पगार ४,४८,०००, सरासरी ४९,७७८. सरासरी पगार १०.६ टक्क्यांनी वाढला! मिडियन जागचा हलला नाही. आता उलटं करा, टेक्निकल हेडला काही नाही आणि बाकी आठही जणांना १० टक्के. एकूण १९,००० वाढले, सरासरी वाढली फक्त ४.७ टक्के. मिडियन २४,००० वरनं २६,४००, बरोबर १० टक्के. म्हणजे सरासरीकडे बघून कोणी म्हणालं की पहिल्या केसमध्ये वाढ जास्त चांगली झाली, तर आठ माणसं त्याला वेड्यात काढतील.

त्यात अजून एक पीळ आहे. "सरासरी वाढ" म्हटल्यावर दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, सरासरी पगार किती टक्के वाढला, जे आत्ता वर काढलं. दुसरी, प्रत्येकाची टक्केवारी लिहून त्या टक्क्यांची सरासरी. पहिल्या केसमध्ये एकाला २० आणि आठ जणांना ०, टक्क्यांची सरासरी २.२. दुसऱ्या केसमध्ये आठ जणांना १० आणि एकाला ०, सरासरी ८.९. म्हणजे एकाच वर्षाला १०.६ म्हणा किंवा २.२, दोन्ही "सरासरी वाढ" आणि दोन्ही खरे. पहिल्या पद्धतीत रुपयाला मत आहे, दुसरीत माणसाला मत आहे. कोणी तुम्हाला वाढीचा सरासरी आकडा सांगितला तर एवढंच विचारा, रुपयांची सरासरी की टक्क्यांची? मी तर तिसरंच करते, नऊ ओळींत प्रत्येकाचा जुना पगार, नवा पगार, टक्के, आणि त्या टक्क्यांचा मिडियन. नऊच ओळी तर आहेत, लपवायचंय काय त्यात.

छोट्या टीममध्ये मिडियन पण दगा देतो

वर मी मिडियनचं बरंच कौतुक केलं, आता त्याची पण उणीदुणी. सहा जणांची टीम घ्या: १५,०००, १५,०००, १६,०००, ४०,०००, ४२,०००, ४५,०००. तीन हेल्पर, तीन इंजिनियर. मधले दोन १६ आणि ४०, मिडियन २८,०००. त्या टीममध्ये २८ च्या आसपास कोणीच नाही, जवळचा माणूस पण बारा हजारांनी लांब आहे. आणि १६ वाला हेल्पर सोडून गेला की मिडियन एकदम ४०,०००! पाच माणसं उरली, मधला इंजिनियर झाला. कोणाचा एक रुपया वाढला नाही.

हे ओळखायचं कसं? यादी चढत्या क्रमाने लावली की मधल्या माणसाच्या वर आणि खाली एकेक, दोन-दोन पगार बघायचे. आमच्याकडे २४ च्या खाली २२, २०, वर २६, २८, म्हणजे पायऱ्या जवळजवळ आहेत, मिडियन भरवशाचा. मधेच मोठी दरी असेल तर एक आकडा सांगायचा हट्ट सोडायचा आणि दोन गटांचे दोन आकडे सांगायचे. दहा-पंधरा माणसांपर्यंत डोळ्यांनी बघणं हेच खरं साधन आहे, सूत्रं नंतर.

कोणाला काय कळतं याचा पण विचार करा

हे मला नंतर, जरा महागात पडून कळलं. मालकांनी मीटिंगमध्ये ४५,००० सांगितल्यावर त्या सुपरवायझरने काय केलं, ४५ गुणिले ९ केलं, आठ जणांचे पगार त्याला साधारण माहीत होतेच, ते वजा केले, आणि संध्याकाळपर्यंत टेक्निकल हेडचा पगार सगळ्या शॉपला माहीत! ४,०५,००० वजा १,९०,०००, दुसरी-तिसरीचं गणित. टेक्निकल हेड माझ्यावर चिडले आणि त्यांचं बरोबर होतं.

"त्यांना धरून ४५,०००, त्यांना सोडून २३,७५०" असे दोन्ही आकडे दिले तर आठ जणांचे पगार माहीत नसले तरी चालतं, दोन गुणाकार आणि एक वजाबाकी केली की झालं. कोणी जॉइन व्हायच्या आधीची आणि नंतरची सरासरी दोन्ही सांगितल्या तरी तेच होतं, नव्या माणसाचा पगार उघडा पडतो.

मिडियन इथे जास्त सुरक्षित वाटतो, कारण त्यावरनं टोकाच्या माणसाचा पगार काढता येत नाही. पण माणसं विषम असतील तर मिडियन म्हणजे कोणातरी एकाचा खराखुरा पगारच असतो, आमच्याकडे जुन्या ऑपरेटरचा. म्हणून आता बाहेर सांगायचं झालं तर मी गोल करून "साधारण २०-२५ हजारांच्या मधे" असं सांगते, आणि पूर्ण यादी फक्त मालकांकडे. पाच-सहापेक्षा कमी माणसं असतील तर कुठलाच आकडा बाहेर देऊ नये असं माझं मत आहे, तिथे प्रत्येक आकड्याला नाव चिकटलेलं असतं.

वर्षानंतर तुलना करताना

पुढच्या वर्षाचं मालकांना मी आत्ताच कागदावर काढून दाखवलंय, कारण परत मीटिंगमध्ये तोंडघशी पडायची माझी तयारी नाही. ठरलंय असं की आठही जणांना १० टक्के वाढ, टेक्निकल हेड आहे तिथेच, आणि नवीन मशीन येतंय म्हणून १६,००० वर दोन हेल्पर नवे. आता ११ माणसांची यादी लावली:

```
16000 16000 17600 18700 22000 24200 26400 28600 30800 40700 215000
```

एकूण ४,५६,०००, सरासरी ४१,४५५. म्हणजे ४५,००० वरनं खाली! मिडियन सहावा, २४,२००, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा फक्त २०० ने वर. आठ जणांना सरसकट १० टक्के मिळालेत, कोणाचाही पगार कमी झालेला नाही, आणि तरीही सरासरी म्हणते पगार घटले आणि मिडियन म्हणतो काही झालंच नाही. कारण दोन नवी माणसं रांगेत खालच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि मधली जागा सरकली. इथे मिडियनही वाचवत नाही.

म्हणून दोन वर्षांची तुलना करताना दोन ओळी वेगळ्या लिहायच्या. एक, जी माणसं दोन्ही वर्षी होती फक्त त्यांचा मिडियन: ९ जण, २४,००० वरनं २६,४००. दुसरी, आज शॉपमध्ये असलेल्या सगळ्यांचा: ११ जण, २४,२००. पहिली ओळ सांगते की लोकांना वाढ मिळाली का, दुसरी सांगते की आत्ता शॉप कसं दिसतं. प्रत्येक आकड्याशेजारी किती माणसं धरली ते लिहायचंच.

मालकांनी कागद बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अहो मॅडम, मग मीटिंगमध्ये मी नक्की काय सांगू?" मी म्हटलं, आकडा सांगूच नका, आठही जणांना दहा टक्के दिलेत तेवढं सांगा, पगार ज्याचा त्याला माहीत आहे. जुन्या ऑपरेटरना मी आधीच सांगितलंय, सव्वीस हजार चारशे.